चौदा नावांचा मेन्यू: फर्निचर कारखान्याच्या वेबसाइटची पानं कशी पाडायची

प्रश्न: आमचा परभणीत फर्निचरचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. बाबा सागवानी काम बघतात, काका प्लाय-लॅमिनेट आणि किचन, चुलतभाऊ शाळा-दवाखान्यांच्या ऑर्डरी. वेबसाइट मी करायला घेतलीय. मेन्यूत १४ नावं झालीत, तरी काका म्हणतात आमचं काम नीट दिसत नाही. अडीचशेच्या आसपास फोटो आहेत. ऑनलाइन विक्री करायची नाही, फोन आले पाहिजेत एवढंच. पानं कशी पाडू आणि मेन्यूत काय ठेवू?

उत्तर:

चौदा नावं जास्त आहेत हे खरं, पण ती कापून आठ केलीत तरी तुमचं भांडण मिटणार नाही. तुमच्या मेन्यूत घरातल्या कामाची विभागणी जशीच्या तशी उतरलीय. मेन्यूचं असं वाटणीपत्र झालं की ज्याला त्याला आपला हिस्सा कमीच दिसतो. आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला कोणाकडे काय आहे हे ठाऊकच नसतं. त्याला देवघर हवंय. ते बाबांकडे सागवानात होतं आणि काकांकडे प्लायमध्येही होतं, हे त्यानं कुठून ओळखायचं? म्हणून आधी ठरवायचं ते नावं किती हे नव्हे, तर माल कोणत्या मापानं वेगळा करायचा हे. ते ठरलं की नावांची संख्या आपोआप खाली येते.

पुढचं सगळं काही गोष्टी गृहीत धरून सांगतोय. ऑनलाइन विक्री असती, तर फिल्टर, कार्ट, साठा असा वेगळाच डोलारा लागला असता. तुमची दुसऱ्या गावात शोरूम असती, तर तिचं वेगळं पान लागलं असतं. आणि तुमचं निम्मं उत्पन्न भावाच्या ठोक ऑर्डरींवर असेल, तर खाली मी ज्याला बाजूची फांदी म्हणतोय तिला जास्त जागा द्यावी लागेल. तेवढं स्वतः तपासून घ्या.

मी लातूर-नांदेड-परभणीकडच्या कारखान्यांच्या साइट करतो. कुठलंही पान काढण्याआधी त्यांचा व्हॉट्सअॅप मागतो. तुम्हीही तेच करा. धंद्याच्या फोनमधल्या मागच्या शंभरएक चौकश्या उघडा आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य, त्याच्याच शब्दांत, एकेका चिठ्ठीवर उतरवा. साधारण असं निघेल: 'सागवानी देवघर केवढ्याला पडंल', 'सहा बाय साडेसहा दिवाण पेटीसकट', 'मुलीचं लग्न हाय, पूर्ण सेट पायजे', 'किचन ट्रॉली करून देता का', 'शाळेसाठी बेंच, कोटेशन पाठवा', 'दुकान नेमकं कुठं हाय'. मग ज्या शब्दानं माणसानं सुरुवात केली त्या शब्दाप्रमाणे चिठ्ठ्यांचे ढीग करा. फोनवर येणारे प्रश्न बाबा आणि काकांना विचारून त्यात घाला, कारण वयानं मोठी माणसं लिहीत नाहीत, थेट फोन लावतात.

ढीग लागले की दिसेल, बहुतेक माणूस वस्तूच्या नावापासून सुरू होतो. लाकूड दुसऱ्या वाक्यात येतं, माप तिसऱ्या, आणि 'जिंतूरला पोचवाल का' शेवटी. 'बेडरूमसाठी काय आहे' असं विचारणारा आपल्याकडे क्वचित. बाहेरच्या मोठ्या साइटींवर खोलीप्रमाणे मांडणी असते, कारण तिथं माणूस चाळायला येतो. तुमच्याकडे येणाऱ्याच्या डोक्यात वस्तू पक्की असते.

चिठ्ठ्यांखेरीज मी आणखी एक कसोटी लावतो: कोणतीही वस्तू उचलली, तर ती नक्की एकाच जागी बसते का? खोलीप्रमाणे लावलं तर कपाट बेडरूममध्ये, हॉलमध्ये आणि दुकानाच्या फर्निचरमध्येही जातं. लाकडाप्रमाणे लावलं तर दिवाणाची चौकट सागवानी, पेटी प्लायची, मग तो बाबांचा की काकांचा? इथंच तुमचे चौदा झाले असणार. एकच वस्तू दोन-तीन ठिकाणी टाकावी लागली आणि प्रत्येक ठिकाणासाठी नवं नाव काढावं लागलं. वस्तूच्या नावाप्रमाणे लावलं तर दिवाण हा दिवाणच राहतो. म्हणून खोड वस्तूचं. लाकूड ही वस्तूच्या पानावरची माहिती. खोली हवी तर फोटोखालच्या ओळीत सांगा, मेन्यूत तिला जागा नाही.

दोन गोष्टी मात्र या खोडावर बसत नाहीत आणि त्यांना बाजूची फांदी द्यावी लागते.

पहिली, भावाच्या ऑर्डरी. शाळेचा मुख्याध्यापक किंवा दवाखान्याचा मॅनेजर हा वेगळा गिऱ्हाईक आहे. त्याला एका बेंचचा फोटो पुरत नाही. चाळीस बेंच किती दिवसांत, जीएसटी बिल मिळेल का, कोटेशन लेटरहेडवर येईल का, वाहतूक धरून भाव आहे का, आधी कुठं काम केलंय, हे त्याचे प्रश्न. ही उत्तरं घरगुती गिऱ्हाइकाच्या पानावर टाकली तर तो बिचकतो, आणि घरगुती पान संस्थेला दाखवलं तर तिला हे लहान दुकान वाटतं. म्हणून या कामाचं एकच भरगच्च पान करा. बेंच, टेबल, रॅक, काउंटर सगळं त्यातच.

दुसरी, लग्नाचा सेट. मराठवाड्यात हे पान नसलेली फर्निचरची साइट मला अर्धीच वाटते. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की तुळशीच्या लग्नानंतर चौकश्या सुरू होतात, त्या उन्हाळ्यापर्यंत चालतात. पण सेट ही वस्तू नाही, तो वस्तूंचा गठ्ठा आहे. म्हणून त्या पानावर पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, दिवाण यांची माहिती पुन्हा लिहायची नाही. तीन सेट दाखवा, लहान, मधला आणि मोठा. प्रत्येकात काय काय येतं ते लिहा आणि त्या त्या वस्तूवरून तिच्या मूळ पानाकडे दुवा द्या. वस्तूचं घर एकच, सेटच्या पानावर तिचा फक्त उल्लेख. असं न केल्यास सहा महिन्यांनी पलंगाचा भाव एका पानावर बदलतो, दुसऱ्यावर तोच जुना राहतो, आणि गिऱ्हाईक नेमका जुन्याचा स्क्रीनशॉट घेऊन येतो.

एवढं धरून तुमचा आराखडा मी असा काढेन:

```
/                    मुख्यपान
/furniture/          फर्निचर (खालच्या सहांची यादी)
/palang-divan/       पलंग आणि दिवाण
/kapat/              कपाट, ड्रेसिंग टेबल
/devghar/            देवघर, चौरंग, पाट
/sofa-zopala/        सोफा, झोपाळा
/kitchen/            किचन, ट्रॉली
/darvaja-chaukat/    दरवाजे, चौकटी
/lagnacha-set/       लग्नाचा सेट
/shala-office/       शाळा, दवाखाना, ऑफिस
/lakud-ani-bhav/     लाकूड आणि भाव
/amchyabaddal/       आमच्याबद्दल
/sampark/            पत्ता आणि फोन
```

पानं तेरा, पण वरच्या मेन्यूत नावं पाचच: फर्निचर, लग्नाचा सेट, शाळा-ऑफिससाठी, लाकूड आणि भाव, पत्ता. सहा वस्तू 'फर्निचर'च्या पोटात उघडतात. 'आमच्याबद्दल' तळाला. मेन्यू म्हणजे पानांची यादी नव्हे. पान असावं पण मेन्यूत नसावं, हे चालतं. दुसऱ्या पानावरून तिथं जाता आलं म्हणजे झालं.

'फर्निचर' या नावावर दाबल्यावर नुसती यादी खाली लोंबकळू नये, खरं पान उघडावं: सहा मोठे फोटो, खाली सहा नावं. फोनवर लोंबकळणाऱ्या यादीत बोट भलतीकडेच पडतं.

आराखड्यात सगळी पानं एकाच पातळीवर का, /furniture/devghar/ असं का नाही, हा प्रश्न पडेल. उद्या तुम्ही चौरंग-पाट वेगळे केलेत किंवा झोपाळा दुसरीकडे हलवलात, तर मांडणी बदलते पण पानाचा वेब-पत्ता बदलावा लागत नाही. कोण कोणाच्या पोटात आहे हे पानाच्या डोक्यावरच्या वाटेनं सांगा: 'मुख्यपान › फर्निचर › देवघर'. तरी कधी पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण टाका, ज्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. व्हॉट्सअॅपवर गेलेले दुवे वर्षानुवर्षं फिरत राहतात.

पत्ता रोमन लिपीत ठेवण्याचं कारणही व्हॉट्सअॅपच. मराठी पत्ता गूगलला चालतो, ब्राउझरलाही चालतो. पण तो कॉपी करून पाठवताना बऱ्याचदा असा होतो:

```
/देवघर/
/%E0%A4%A6%E0%A5%87%E0%A4%B5%E0%A4%98%E0%A4%B0/
```

देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला पत्त्यात नऊ खुणा लागतात. पाच चिन्हांच्या शब्दाच्या पंचेचाळीस झाल्या. असा दुवा बघून माणसाला काहीतरी फसवाफसवी वाटते आणि तो दाबत नाही. पानावरचा मजकूर, नावं, बटणं सगळं मराठीत ठेवा, पत्ता तेवढा रोमन.

आता अडीचशे फोटोंचं. प्रत्येक फोटोला एक पान काढायचा मोह आवरा. एकदाच केलेल्या वस्तूच्या पानावर लिहिणार काय? 'सुंदर सागवानी देवघर', खाली एक फोटो, संपलं. अशी दोनशे पानं झाली की कामाची तेरा पानं त्यांत बुडतात, आणि गूगलवरून आलेला माणूस अशाच एका रिकाम्या पानावर उतरून परत जातो. स्वतंत्र पान फक्त अशा नमुन्याला, जो तुम्ही पुन्हापुन्हा करता आणि ज्याचं माप, भाव, दिवस ठाम सांगता येतात. सुरुवातीला असा एकही वेगळा काढला नाही तरी बिघडत नाही. बाकीचे फोटो वस्तूच्या पानावर ओळीनं लावा. एका पानावर पंचवीस-तीसच्या वर गेले तर गिऱ्हाईक जो फरक करतो त्यावर दोन भाग करा, उदाहरणार्थ भिंतीवरचं देवघर आणि जमिनीवरचं. तीन-चारच फोटो असतील तर ती वस्तू शेजारच्या पानात घाला. म्हणूनच वर ड्रेसिंग टेबल कपाटाबरोबर आणि चौरंग-पाट देवघराबरोबर टाकलेत.

आणि प्रत्येक फोटोला क्रमांक द्या, फोटोखाली ठळक: DG-07, PL-12, KP-03. माझ्या मते या एका गोष्टीनं मेन्यूपेक्षाही जास्त फरक पडतो. क्रमांक नसला की फोनवर 'ते खांबांचं, वर नक्षी असलेलं, नाही नाही, त्याच्या बाजूचं' असं दहा मिनिटं चालतं. क्रमांक असला की बोलणं सरळ मापावर येतं. फोटोखालचं बटण असं लिहा:

```
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=DG-07">हे देवघर विचारा</a>
```

नंबरात आधी ९१, मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. दाबलं की व्हॉट्सअॅप उघडतं आणि क्रमांक आधीच लिहिलेला असतो. महिन्याअखेर कोणत्या क्रमांकाची चौकशी किती वेळा आली हेही चॅटमध्ये शोधून मोजता येतं. ज्या नमुन्याची सतत विचारणा होते, त्याला तेव्हा स्वतंत्र पान काढा.

वस्तूचं पान आतून कसं असावं हे देवघराचंच घेऊन सांगतो, कारण एक नीट जमलं की बाकीची पाच त्याच सांच्यातून निघतात. ज्या क्रमानं गिऱ्हाईक विचारतो त्याच क्रमानं पान खाली उतरलं पाहिजे.

वर नाव, आणि एक ओळ: सागवानी आणि प्लायमधली देवघरं, तुमच्या मापात, परभणीतल्या आमच्याच कारखान्यात. लगेच फोटो, क्रमांकासह. 'आमच्या दर्जेदार सेवेत आपले सहर्ष स्वागत' हा परिच्छेद नको, तो कोणी वाचत नाही आणि फोटो मात्र खाली ढकलले जातात.

फोटोंनंतर माप आणि भाव. तुमच्याकडे जास्त जाणारी तीन-चार मापं घ्या, रुंदी-खोली-उंची फूट-इंचात लिहा, आणि त्यापुढे सागवानात भाव कितीपासून, प्लायमध्ये कितीपासून. इथं घरात वाद होईल. भाव लिहिला की समोरचा दुकानदार बघतो, असं कोणीतरी म्हणेलच. त्याला तो आधीच ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला मात्र नसतो. भाव न लिहिल्यानं फोन वाढतात, पण त्यातले बरेच फक्त 'केवढ्याला' एवढं विचारून ठेवून देण्यासाठीचे असतात. ठाम आकडा शक्य नाही हेही मान्य आहे: सागवान घनफुटावर, प्लाय चौरस फुटावर, वर नक्षीची मजुरी वेगळी. म्हणून 'पासून' लिहा, त्यात काय धरलंय ते लिहा (पॉलिश, जाळीचे दरवाजे, खालचा कप्पा), आणि भाव कोणत्या महिन्याचा ते लिहा. महिना घातला नाही तर जुनाच भाव धरून बसणारा माणूस हमखास भेटतो.

त्याखाली 'घरी काय मोजून ठेवाल' हा भाग. देवघर भिंतीत बसवायचं की जमिनीवर, जागेची रुंदी आणि उंची, मूर्ती केवढी, आत दिव्याची वायर काढायची का, आणि घराच्या दाराची रुंदी. शेवटचं कोणी मोजत नाही, मग शिखरासकट उभं देवघर जिन्यात अडतं. शिखर वेगळं निघणारं करता येतं हे इथंच लिहा. समई आतच लावणार असतील तर वरच्या फळीपर्यंत अंतर किती सोडता, तेही. हे सगळं बाबांना तोंडपाठ असेल, त्यांना बोलतं करून फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच भाषेत उतरवा.

मग किती दिवस लागतात, लगीनसराईत किती जास्त, आगाऊ किती. मग पोचवणं. शेवटी या कामाचं कोण बघतं त्याचं नाव आणि फोटो.

हा शेवटचा भाग तुमच्या घरच्या तिढ्याचं उत्तर आहे. काकांना मेन्यूत वेगळं नाव नको, त्यांना किचनच्या पानावर माणूस म्हणून ठेवा. 'किचनचं काम काका बघतात, माप घ्यायला तेच येतात', सोबत त्यांचा कामाच्या जागी उभं असतानाचा फोटो. सिंकखालच्या ओल्या भागाला आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायच का वापरायचं, हे त्या पानावर त्यांनी दोन परिच्छेदांत सांगितलं की त्यांचं काम चौदा नावांत कधी दिसलं नसतं इतकं ठसठशीत दिसेल. फोन नंबर मात्र सगळीकडे एकच ठेवा. पानागणिक नंबर वेगळा केला तर एकच गिऱ्हाईक पलंगासाठी एकाला आणि ट्रॉलीसाठी दुसऱ्याला फोन करतो, दोघांकडून दोन सवलती घेतो, आणि संध्याकाळी घरात तोच विषय.

'लाकूड आणि भाव' हे पान वरच्या मेन्यूत का घेतलं? सागवान मागणारा माणूस 'किनवटचं का बल्लारशाचं' हे विचारतोच. घाना सागवान म्हणजे काय, ते स्वस्त का, पाठीमागे प्लाय मारता का, हे प्रश्न प्रत्येक वस्तूला सारखेच आहेत. सहा पानांवर सहा वेळा लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहा आणि प्रत्येक पानावरून तिथं दुवा द्या. तुम्ही कुठं कोणतं लाकूड वापरता हे सरळ सांगा, आयात असेल तर आयात म्हणा. पलंगाची सागवानी चौकट आणि प्लायची पेटी, दोन्ही स्पष्ट लिहा.

मुख्यपानावर फार वेळ घालवू नका. निम्म्याहून जास्त लोक तिथून येणारच नाहीत. पाहुण्यानं देवघराचा दुवा पाठवला, तो उघडला, एवढंच त्यांचं येणं. म्हणून प्रत्येक पान एकट्यानं उभं राहिलं पाहिजे: कोण, कुठं, फोन, हे त्यावरच. प्रत्येक पानाला स्वतःचा og:image द्या, म्हणजे व्हॉट्सअॅपवर दुव्याबरोबर देवघराच्या पानाला देवघराचाच फोटो दिसेल, सगळीकडे दुकानाची पाटी नाही. मुख्यपानावर कारखान्याचा एक खरा फोटो, वस्तूंचे सहा दरवाजे, लग्नाच्या दिवसांत सेटची पट्टी सर्वांत वर, आणि पत्ता. आपोआप सरकणारे फोटो नकोत. दुसरा फोटो येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो.

फोनवर तीन आडव्या रेघांचं चिन्ह एकटं ठेवू नका, शेजारी 'मेन्यू' हा शब्द लिहा. तळाला कायम चिकटलेली एक पट्टी: फोन, व्हॉट्सअॅप, रस्ता. तीनच बटणं. चौथं घालाल तर नावं बारीक होतात आणि चष्मा न लावलेल्या माणसाला वाचता येत नाहीत.

एका मोहापासून सावध करतो, कारण कोणीतरी तुम्हाला तो विकायला येणारच. जिंतूर फर्निचर, सेलू फर्निचर, मानवत फर्निचर, पाथरी, गंगाखेड, पूर्णा अशी तालुक्यागणिक पानं, मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. गूगलच्या नियमांत अशा पानांना डोअरवे म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोडतात. माणसालाही फसवल्यासारखं वाटतं, कारण सेलूचं पान उघडून शेवटी पत्ता परभणीचाच निघतो. त्याऐवजी पत्त्याच्या पानावर 'कुठवर पोचवतो' असा भाग करा, तालुक्यांची नावं आणि गाडीभाडं कसं लागतं ते लिहा. तिथं केलेल्या कामाचा खरा फोटो असेल तर त्याखाली गावाचं नाव येऊ द्या. गूगल बिझनेस प्रोफाइलवर कारखान्याची जागा नकाशात नीट लावली आहे ना, तेही बघा. 'दुकान कुठं हाय' या चिठ्ठीचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

साइट बांधायच्या आधी आराखडा कागदावर तपासा. एका कार्डावर वरची पाच नावं, दुसऱ्यावर 'फर्निचर'च्या पोटातली सहा. घरातलं, कारखान्यातलं कोणी नको. शेजारी, दूधवाला, मैत्रिणीची आई अशी पाच-सहा माणसं घ्या. प्रत्येकाला काम द्या, पण कार्डावरचा शब्द त्यात येऊ देऊ नका. 'बहीण सासरी जाणार आहे, तिला द्यायचं सगळं एकत्र घ्यायचंय, कुठं बोट ठेवाल?' 'झोपायला आणि खाली सामान ठेवायला काहीतरी हवंय.' 'घाना आणि आपलं सागवान यात फरक काय?' 'संस्थेसाठी तीस खुर्च्यांचं कोटेशन हवंय.' मग गप्प बसा आणि पहिलं बोट कुठं पडतं ते लिहा.

बोट चुकीकडे गेलं आणि लगेच परत आलं, तर नाव बदलायचंय. बोट पडायच्या आधीच माणूस पाचही नावं दोनदा वाचत बसला, तर दोन नावं एकमेकांसारखी आहेत. आणि एकाच कामाला निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे गेले, तर वाद घालू नका, दोन्हीकडून त्या पानाकडे दुवा द्या. मला स्वतःला शंका आहे ती 'दरवाजे-चौकटी'बद्दल. घर बांधणारा माणूस ते फर्निचर समजत नाही, तो बांधकाम समजतो, आणि 'फर्निचर'वर बोटच ठेवत नाही. तुमच्याकडे हे काम बरंच असेल तर त्याला वर सहावं नाव म्हणून आणावं लागेल.

चालू करताना सगळी पानं एकदम पुरी करायची घाई नको, पण 'लवकरच येत आहे' असं रिकामं पानही नको. देवघर, पलंग-दिवाण, लग्नाचा सेट आणि पत्ता, ही चार पूर्ण करून साइट चालू करा. जे पान तयार नाही, त्याचं नाव मेन्यूत नको. मग महिन्या-दोन महिन्यांनी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बघा लोक कोणते शब्द टाइप करून येतात, आणि फोनवर अजून कोणता प्रश्न तसाच येतोय तेही विचारा. पत्त्याच्या पानावर 'कुठवर पोचवतो' हा भाग असूनही सगळे 'पाथरीला येता का' विचारत असतील, तर ते उत्तर चुकीच्या जागी आहे. ते देवघराच्या आणि पलंगाच्या पानावर, भावाच्या लगेच खाली आणा.

चिठ्ठ्यांचे ढीग झाले की कोणत्या ढिगात किती, ते इथंच टाका. दरवाजे-चौकटींचं वर न्यायचं की आतच ठेवायचं, ते त्यावरून सांगता येईल.